बेतणीचा हिशेब: छाप, लव आणि मार्कर

कापडावर कात्री चालवण्यापूर्वी कपड्याचे सगळे भाग त्याच्या पन्ह्यावर कसे मांडायचे, याचा पूर्ण मापाचा आराखडा तयार करतात. कपड्यांच्या कारखान्यात त्याला मार्कर म्हणतात. पुढचा भाग, पाठ, बाह्या, गळ्याच्या पट्ट्या, खिसे असे सगळे भाग त्यावर शिलाईच्या मायेसह आखलेले असतात. हा कागद कापडाच्या थरांवर पसरतात आणि त्यावरच्या रेषांवरून सगळे थर एकदम कापतात. घरी किंवा शिंप्याच्या दुकानात हेच काम खडूने थेट कापडावर होते. पद्धत कोणतीही असो, एका कपड्याला किती कापड लागणार हे या मांडणीतच ठरून जाते. नंतर कितीही सफाईने कापले, तरी मांडणीत गेलेले कापड परत मिळत नाही.

मार्करच्या एकूण क्षेत्रफळापैकी जितके क्षेत्रफळ कपड्याच्या भागांनी व्यापलेले असते, त्याचे टक्के काढले की मार्करची कार्यक्षमता मिळते. साध्या कापडावर आणि साध्या कपड्यात ती ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास जाते आणि चांगल्या मांडणीत त्याहून वरही नेता येते. उरलेला भाग म्हणजे मुंढ्याच्या आणि गळ्याच्या वळणांमधून, तिरक्या कडांमधून सुटणाऱ्या चिंध्या. कपड्याचे भाग शरीराच्या आकाराचे असतात आणि कापड मात्र लांबलचक आयत असते. त्यामुळे काही तरी उरणारच. मांडणी करणाऱ्याचे कौशल्य ते उरणे कमी करण्यात असते.

यासाठी त्याच्या हाती दोन मोकळिका असतात. एक म्हणजे भाग पुढे-मागे सरकवणे आणि दुसरी म्हणजे भाग उलटे फिरवणे, म्हणजे गळ्याकडची बाजू खाली आणि घेराकडची वर करणे. भाग मनाला येईल तसा तिरका मात्र करता येत नाही. प्रत्येक भागावर उभ्या धाग्याची एक बाणरेषा असते आणि ती कापडाच्या काठाला समांतरच ठेवावी लागते. ही रेषा तिरकी गेली तर कपडा शिवताना ठीक दिसतो, पण एक-दोन धुण्यांनंतर बाजूची शिलाई पुढे वळते आणि घेर एका बाजूला लोंबतो. थोडे कापड वाचावे म्हणून भाग जरासा तिरका सरकवण्याचा मोह मांडणी करणाऱ्याला होतोच. गळ्याच्या आतल्या पट्टीसारख्या लपलेल्या भागात तो खपूनही जातो. कुर्त्याच्या मुख्य भागात किंवा पँटच्या पायात मात्र ही बचत ग्राहकाच्या अंगावर लोंबते.

साध्या, एकरंगी सुती कापडावर भाग उलटा फिरवायला काहीच हरकत नसते. छाप एकाच दिशेची असली किंवा कापडाला लव असली, की ही मोकळीक जाते. कापड जास्त लागते ते इथेच. ते नेमके किती जास्त लागते आणि त्यातले किती परत मिळवता येते, हे एका उदाहरणावरून पाहणे सोपे जाईल.

एक साधा कुर्ता घेऊ, छातीपासून खाली सरळ रेषेत थोडा रुंद होत जाणारा. मधल्या मापात मायेसकट पुढच्या भागाची लांबी ११० सेंटिमीटर, छातीशी रुंदी ५० आणि घेराशी ५७. पाठही तशीच. बाही ४५ सेंटिमीटर लांब आणि सर्वांत रुंद जागी ४०. कापडाचा पन्हा ४४ इंच, म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटर. काठावरची घट्ट विणीची आणि यंत्राच्या टोचणीची पट्टी सोडली की वापरता येणारा पन्हा ११० उरतो.

कापड एकरंगी असेल तर पुढचा भाग सुलटा आणि पाठ त्याच्या शेजारी उलटी ठेवता येते. एकाच्या रुंद घेराशेजारी दुसऱ्याचा अरुंद खांदा येतो आणि दोघांच्या तिरक्या बाजू एकमेकींना चिकटून जातात. हिशेब केला तर या जोडीला जवळजवळ ११० सेंटिमीटर पन्हा लागतो. म्हणजे ती जेमतेम, पण बसते. ११० सेंटिमीटर लांबीत पुढचा भाग आणि पाठ होतात. पुढच्या ४५ सेंटिमीटरमध्ये दोन बाह्या शेजारी शेजारी येतात. बाह्यांच्या कडेला उरलेल्या ३० सेंटिमीटर रुंद पट्टीत गळ्याच्या पट्ट्या निघतात. एकूण लांबी १५५ सेंटिमीटर.

आता हाच कुर्ता एकाच दिशेच्या छापाचा करायचा आहे असे समजू. कापडावर कोयऱ्या आहेत आणि सगळ्या कोयऱ्यांची टोके वर आहेत. पाठ उलटी फिरवली तर पाठीवरच्या कोयऱ्या डोक्यावर उभ्या राहतील. म्हणून दोन्ही भाग सुलटेच ठेवायला हवेत. पण मग घेर घेराशेजारी येतो आणि ५७ अधिक ५७ म्हणजे ११४ सेंटिमीटर होतात. पन्हा ११० आहे. चार सेंटिमीटर कमी पडतात, म्हणून दोन्ही भाग शेजारी बसतच नाहीत. ते एकाखाली एक ठेवावे लागतात आणि लांबी २२० होते. बाह्या शेजारच्या ५३ सेंटिमीटर रुंद पट्टीत बसतात, पण त्या पट्टीचा बराचसा भाग रिकामाच राहतो. चार सेंटिमीटरसाठी प्रत्येक कुर्त्यामागे ६५ सेंटिमीटर कापड जास्त लागते. आधीच्या मांडणीत कार्यक्षमता ऐंशीच्या वर होती, इथे ती साठाच्याही खाली येते.

दिशादर्शक छापाला नेहमी दहा-पंधरा टक्के कापड जास्त धरायचे, अशी ढोबळ रीत दुकानांतून चालते. ती रीत का फसते हे या उदाहरणात दिसते. दिशेमुळे लागणारे जादा कापड भागांची रुंदी आणि पन्हा यांच्या नेमक्या बेरजेवर ठरते. याच कुर्त्याचे लहान माप घेतले तर घेर ५३ असतो. दोन सुलटे भाग १०६ मध्ये मावतात आणि एकही सेंटिमीटर जास्त लागत नाही. तोच कुर्ता, तेच कापड, आणि एका मापाला शून्य तर पुढच्या मापाला ६५ सेंटिमीटर. म्हणून खरेदीचा अंदाज देण्यापूर्वी प्रत्येक मापाची मांडणी प्रत्यक्ष करून पाहावी लागते.

हे नुकसान भरून काढायची उत्तम वाट वेगवेगळी मापे एकाच मार्करमध्ये एकत्र आणणे ही आहे. मधल्या मापाचा घेर ५७ आणि लहान मापाचा ५३, बेरीज बरोबर ११०. मधल्या मापाचा पुढचा भाग आणि त्याच्या शेजारी लहान मापाचा पुढचा भाग, दोन्ही सुलटे. त्याखाली दोघांच्या पाठी, त्याही सुलट्या. झाले २२० सेंटिमीटर. त्याखाली दोन ओळींत चार बाह्या, आणखी ९०. कुर्त्याची लांबी दोन्ही मापांत सारखी धरली तर दोन कुर्ते ३१० सेंटिमीटरमध्ये निघतात, म्हणजे सरासरी पुन्हा १५५. कोयऱ्या सगळीकडे टोके वर करूनच आहेत आणि वाया गेलेले ६५ सेंटिमीटर परत मिळाले. सुलट्या भागांच्या खांद्यांच्या मधोमध मुंढ्यांच्या वळणांनी जी खळगी पडतात, त्यांत खिशांचे तुकडे बसवता येतात.

याच रीतीने ६१ घेराचे मोठे माप ४९ घेराच्या सर्वांत लहान मापाशी जुळते. मापांमधला फरक चार सेंटिमीटरचा असल्याने एका टोकाचे माप दुसऱ्या टोकाच्या मापाला पूरक ठरते. पण मागणीतल्या मापांचे प्रमाण या जोड्यांना साथ देईलच असे नाही. मधल्या मापाचे दोनशे कुर्ते हवेत आणि लहान मापाचे शंभरच, अशी मागणी असेल तर शंभर जोड्या लागतात आणि मधल्या मापाचे शंभर एकटे उरतात. त्यांच्यासाठी दुसरा उपाय हवा.

एक उपाय भाग तोडण्याचा आहे. पाठीच्या मधोमध शिलाई दिली की पाठीचे दोन अरुंद तुकडे होतात आणि ५३ सेंटिमीटरच्या रिकाम्या पट्टीत ते सुटे-सुटे बसवणे सोपे जाते. त्यात एक शिलाई वाढते, मायेचे थोडे कापड जाते, आणि मोठी नक्षी असेल तर ती त्या शिलाईवर जुळवावी लागते. जुन्या कळीदार कुर्त्याची बांधणी या दृष्टीने फार विचारपूर्वक केलेली आहे. त्यात मधला भाग सरळ आयत असतो आणि घेराची सगळी रुंदी बाजूच्या निमुळत्या कळ्यांमधून येते. साध्या कापडावर दोन कळ्या एकमेकींना उलट्या ठेवल्या की त्यांचा मिळून आयतच होतो आणि जवळजवळ काहीच वाया जात नाही. एकाच दिशेचा छाप असेल तर मात्र एकाआड एक कळीवर नक्षी उलटी येते. त्या कापडावर कळ्याही सुलट्याच कापाव्या लागतात आणि हा फायदा जातो.

दुसरा उपाय पन्हा बदलण्याचा. तोच छाप ५८ इंची पन्ह्यात मिळत असेल तर दोन ५७ चे घेर आरामात बसतात. शेजारी सुमारे ३० सेंटिमीटरची पट्टी उरते. तिच्यात ही बाही मावत नाही, पण गळ्याच्या पट्ट्या, खिसे आणि आतले तुकडे निघतात. तिसरा उपाय घेरच दोन सेंटिमीटरने कमी करून ५५ करण्याचा. अशा वेळी दोन सुलटे भाग ११० मध्ये तंतोतंत बसतात, पण मग काठाकडे हलायला जागा राहत नाही आणि एखाद्या ताग्याचा पन्हा जरा जरी कमी भरला तरी घेराची माया कापली जाते. शिवाय हा निर्णय मांडणी करणाऱ्याचा नाही, कपड्याचा आराखडा करणाऱ्याचा आहे. तरीही हे त्याला वेळेवर सांगणे मांडणी करणाऱ्याचेच काम आहे. चार सेंटिमीटरची ही गोष्ट नमुना मंजूर होण्यापूर्वी कळली तर घेर बदलता येतो. नंतर कळली तर कापडच जास्त विकत घ्यावे लागते.

छापाला दिशा आहे की नाही हे ओळखण्यात बऱ्याच चुका होतात. उभी झाडे, पक्षी, अक्षरे किंवा देवळाची शिखरे असतील तर कोणालाही कळते. धोका असतो तो विखुरलेल्या बारीक फुलांच्या छापात. शेकडो फुले इकडेतिकडे वळलेली असतात, पण त्यांतली दोन-चार देठे खालीच असतात. लहान तुकड्यात ते दिसत नाही, अख्खा कुर्ता समोर टांगला की नजर तिकडेच जाते. म्हणून नक्षी जिथून पुन्हा सुरू होते तिथपर्यंतचा, शक्यतो अशा दोन-तीन आवृत्त्यांइतका, कापडाचा तुकडा टेबलावर पसरावा. शेजारी तेवढाच दुसरा तुकडा उलटा ठेवावा आणि चार पावले मागे सरून दोन्हींकडे पाहावे. दोन्ही तुकडे सारखेच वाटले तर छापाला दिशा नाही. एक जरी फूल, एक जरी पान उलटे वाटले, तर कापड एकाच दिशेचे समजावे.

दिशा उभीच असते असेही नाही. उभ्या पट्ट्यांच्या कापडात निळी, पांढरी, पिवळी अशा क्रमाने पट्ट्या असतील, तर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे वाचताना क्रम वेगळा येतो. असे कापड उलटे फिरवले की क्रमही उलटतो. चौकटीच्या कापडात ही अडचण उभी-आडवी दोन्ही बाजूंनी येऊ शकते. तिथे दिशेबरोबरच चौकटी शिलाईवर जुळवाव्या लागतात. त्यासाठी भाग एका ठरावीक चौकटीवरच ठेवावे लागतात आणि मोकळीक आणखी आवळते.

लवेच्या कापडात अडचण वेगळी आहे. मखमल, कॉर्डुरॉय, लोकरी फ्लॅनेल अशा कापडांच्या पृष्ठभागावर तंतूंची लव असते आणि ती एका बाजूला किंचित झुकलेली असते. हात लवेच्या दिशेने फिरवला तर कापड गुळगुळीत लागते, विरुद्ध फिरवला तर खरखरीत लागते आणि लव उभी राहते. ही दिशा कपड्याचा रंग बदलून टाकते. लव खालच्या बाजूला झुकलेली असेल तर तंतूंच्या चकचकीत बाजूंवरून प्रकाश परततो आणि रंग फिकट, चमकदार दिसतो. लव वर झुकलेली असेल तर नजर तंतूंच्या टोकांकडे आणि त्यांच्यामधल्या सावलीत जाते, आणि तोच रंग गडद व भरीव दिसतो. म्हणून मखमलीचा समारंभातला कपडा पुष्कळदा लव वर ठेवून कापतात. रोजच्या वापराच्या किंवा लांब लोकरी लवेच्या कापडात लव खाली ठेवणे बरे, कारण हाताच्या आणि बसण्याच्या घर्षणाने ती कमी विस्कटते. दिशा कोणतीही निवडावी, पण एका कपड्यात ती एकच हवी.

ती चुकली की काय होते हे कॉर्डुरॉयच्या पँटमध्ये चांगले दिसते. उजवा पाय सुलटा आणि डावा उलटा कापला गेला, तर टेबलावर पडलेल्या तुकड्यांत काहीच फरक वाटत नाही, कारण आडव्या पडलेल्या कापडावर प्रकाश वरून सारखाच पडतो. पँट शिवून टांगली की एक पाय तपकिरी आणि दुसरा त्याहून दोन छटा गडद दिसतो. रंगाच्या घाणीत चूक झाली असावी असे वाटते. खात्री करायची असेल तर त्याच कापडाचे दोन तुकडे घ्यावेत, एकाला खडूने वर बाण काढावा, दुसरा उलटा फिरवावा, दोन्ही भिंतीवर शेजारी टाचून खिडकीच्या उजेडात लांबून पाहावेत. साटीनवर आणि विणलेल्या होजिअरीतही हा फरक कधी कधी दिसतो. त्यामुळे पहिल्या ताग्यावर ही परीक्षा करून घेणे चांगले.

लवेच्या कापडात छापापेक्षा एक सवलत जास्त असते. एका कपड्याचे सगळे भाग एका दिशेने हवेत, पण शेजारच्या दुसऱ्या मापाच्या कपड्याचे सगळे भाग उलट दिशेने चालू शकतात. दोन पँट दोन वेगळ्या माणसांच्या अंगावर जाणार असतील तर प्रत्येकीत रंग एकसारखा असला की पुरते. या पद्धतीत एका मापाचा रुंद सीट आणि दुसऱ्या मापाचा अरुंद पायघेर एकमेकांत घुसवता येतात आणि बरेच कापड परत मिळते. दुकानात मात्र त्याच रंगाच्या, वेगवेगळ्या मापांच्या पँट एका ओळीत टांगल्या की दोन छटा दिसतात. कॉर्डुरॉयमध्ये हे काही खरेदीदार चालवून घेतात, मखमलीत सहसा घेत नाहीत. ज्याला माल द्यायचा त्याला आधी विचारूनच ही सवलत घ्यावी. एकाच दिशेच्या छापाला ही सवलत मिळत नाही. उलटी कोयरी कोणाच्याही अंगावर उलटीच दिसते.

मार्कर अचूक असला तरी कापड पसरताना चूक झाली तर सगळे वाया जाते. वेळ वाचवण्यासाठी तागा टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आणि तिथून न कापता परत, अशा नागमोडी पद्धतीने पसरतात. यात प्रत्येक दुसरा थर उलट्या बाजूवर पडतो आणि त्याची दिशाही उलटते. एकरंगी सुती कापडाला हे चालते. कोयरीच्या छापाला आणि लवेला चालत नाही. तिथे प्रत्येक थर टोकाला कापून तागा पुन्हा पहिल्या टोकाशी आणावा लागतो आणि प्रत्येक थर त्याच बाजूने, त्याच दिशेने टाकावा लागतो. श्रम वाढतात आणि दोन्ही टोकांना प्रत्येक थरामागे दोनेक सेंटिमीटर कापड जाते. मखमलीत आणखी एक अडचण असते. लव लवेवर टेकली की थर एकमेकांवर सरकतात आणि खालचे भाग तिरके कापले जातात. त्यामुळे तिथे थर थोडेच ठेवतात.

घरी मखमलीचा ब्लाउज किंवा जॅकेट कापणारेही याच चुकीत सापडतात. कापड लांबीत दुमडून, म्हणजे दोन्ही टोके एकत्र आणून, दुहेरी कापले तर वरच्या थराची लव खालच्या थराच्या उलट जाते. दोन बाह्या एकदम निघतात, पण दोन रंगांच्या. कापड काठाला काठ लावून दुमडले तर दिशा टिकते. लांबीतच दुमडायची गरज पडली, तर दुमड कापून वरचा तुकडा अर्धा वळसा फिरवून पुन्हा ठेवावा. जाड मखमल तर एकेरीच कापावी आणि प्रत्येक भाग एकदा सुलटा, एकदा पलटून आखावा, म्हणजे डावा-उजवा दोन्ही मिळतात.

पन्ह्याबाबत एक गोष्ट प्रत्यक्ष कामात फार मोलाची ठरते. ताग्यावर ४४ इंच लिहिलेले असले तरी एकाच मालातल्या ताग्यांचा पन्हा एक-दोन सेंटिमीटरने कमी-जास्त भरतो. म्हणून प्रत्येक ताग्याचा पन्हा तीन-चार ठिकाणी मोजून सर्वांत अरुंद तागा शोधावा आणि मार्कर त्यासाठी करावा. कुर्त्याच्या उदाहरणात ११० ऐवजी १०८ भरला तर मधले आणि लहान माप शेजारी बसतच नाही आणि सगळा हिशेब कोसळतो. ताग्यांत फरक मोठा असेल तर ते पन्ह्याप्रमाणे वेगळे काढून प्रत्येक गटासाठी वेगळा मार्कर करणे परवडते. मापे दोन-दोनच्या जोड्यांनी जुळवलेली असतील तर हे करायलाच हवे.

आता मांडणी बहुतेक ठिकाणी संगणकावर होते आणि यंत्र भाग फिरवून, सरकवून शेकडो मांडण्या तपासते. पण यंत्राला कापडाला दिशा आहे हे कळत नाही. प्रत्येक भागाला फिरवण्याची परवानगी आहे की नाही, आहे तर एकट्याला की त्याच मापाच्या सगळ्या भागांना मिळून, हे माणसाने नोंदवावे लागते. साध्या कापडाचा जुना मार्कर उघडून फक्त पन्हा बदलला आणि परवानगीची नोंद तशीच राहिली, तर यंत्र सुंदर कार्यक्षमतेचा मार्कर देते आणि त्यात कोयऱ्या उलट्या असतात. टक्केवारी अपेक्षेपेक्षा अचानक चांगली आली तर पहिली शंका हीच घ्यावी.

तयार मार्कर कागदावर छापला की कात्रीपूर्वी तो डोळ्यांनी तपासतात. प्रत्येक मापाचे भाग मोजतात, डावे-उजवे जोडीने आहेत का ते पाहतात, बाणरेषा काठाला समांतर आहेत का ते पट्टीने मोजतात. दिशेच्या कापडाला प्रत्येक भागावरच्या बाणाचे टोक एकाच बाजूला आहे का हे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवून बघतात. मग एकच थर पसरून त्यातून एक कपडा कापतात, टाके घालून जोडतात आणि उभा टांगून खिडकीसमोर पाहतात. तो बरोबर असला की उरलेले थर पसरायला घेतात.